दादाचा लिप बाम

माझा भाऊ दत्ताराम विक्रोळीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होता, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. मी बावीस वर्षं मुलुंडच्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, त्यामुळे त्याला किती कळतं हे मला ठाऊक आहे.

त्याची रुचिरा जानेवारीत शिकायला कॅनडाला निघाली होती. फॉर्म, व्हिसा, तिकीट, राहायची खोली, सगळं पोरीने मोबाइलवर उरकलं. दादा मागे उभा राहून "झालं का?" एवढंच विचारायचा. लेकीसाठी आपल्या हातून काहीच होत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. शेवटी तिलाच दया आली.

"बाबा, लिप बाम तू आण," ती म्हणाली. "तिथे हीटरने हवा कोरडी होते, ओठ फुटतात."

मॉइश्चरायझरचं खातं माझ्याकडे आलं. मंगळवारी दुपारी रुचिरा दुकानात आली ती मोबाइलवर स्ट्रॉबेरीच्या वासाचं, पाण्यासारखं पातळ लोशन दाखवतच.

"मला चिकट नको गं आत्या."

"चिकट इथे वाटतं. इथे डिसेंबरातही मानेला घाम येतो. तिथे उणे वीसमध्ये हे लोशन तासाभरात गायब होईल." मी डब्यातलं घट्ट क्रीम पुढे ठेवलं. "बिनवासाचं घे. यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, सेरामाइड कातडी सांधतं. आंघोळ झाली की अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच लावायचं. आधी चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, खाज आली तर बदलू. आणि डबा मोठ्या बॅगेत टाक, केबिनमध्ये एवढा नेऊ देत नाहीत."

तेवढ्यात दादा आला. छाती पुढे, हातात पिशवी.

"डझनभर आणलेत," म्हणत त्याने काउंटरवर ओळीने बारा बाटल्या मांडल्या. डोकेदुखीचा बाम. तो स्वतः रोज कपाळाला चोपडतो, तोच.

रुचिराने ओठांवरून जीभ फिरवली. टेन्शन आलं की ती हेच करते आणि ओठ आणखी सुकवून घेते.

"दादा, हा डोक्याला लावायचा."

"मग ओठ काय डोक्याच्या बाहेर आहेत? बाम म्हणजे बाम."

"यात मेन्थॉल आहे, कापूर आहे. फुटलेल्या ओठांची आग होईल तिची."

"माका शिकवतंस?" चिडला की दादा थेट कणकवलीला पोचतो. त्याने बाटली उघडली, बोट बुडवलं आणि दोन्ही ओठांवर फासलं. थोडं मिशीलाही गेलं.

पहिले दहा सेकंद तो विजयी होता. मग त्याचे डोळे भरले. मग नाक. मग तो काउंटर धरून मुकाट्याने उभा राहिला. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या लताताईंनी त्याच्याकडे पाहिलं, रुचिराकडे पाहिलं आणि दादाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मुलगी लांब जाणार, वाईट वाटणारच हो."

दादाने मान हलवली. बोलायची सोय नव्हती.

हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी त्याचे ओठ टिशूने पुसले आणि वर साधी पेट्रोलियम जेली लावली. "याला म्हणतात लिप बाम. ना वास, ना झोंबणं. वरून झाकण घालतं, ओल आत राहते." दिवसा लावायला मी एक सनस्क्रीनवाला बामही काढला, कारण बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं. दोन्ही प्रकारचे दोन दोन दिले.

दादा बाटल्या पिशवीत भरत होता. "एक काम दिलं होतंस," तो हळूच रुचिराला म्हणाला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

रुचिराने पिशवीतून एक बाटली काढून घेतली. "डोकं दुखलं तर लागेल ना."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी दादाकडे असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. गाल शाबूत, ओठ शाबूत. क्रीमचा डबा अर्ध्यावर आला होता. मागे टेबलावर बामची बाटली उघडी दिसली.

"डोकं दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही गं. अभ्यासाला बसले की उघडून ठेवते." तिने बाटली जवळ ओढली. "बाबाचा वास येतो."

दादा मोबाइलजवळ सरकला. खिडकीच्या उजेडात त्याचं कपाळ तुपाचा हात फिरवल्यासारखं चमकत होतं.

"बाबा, कपाळाला काय लावलंयस?"

"तुझा एक लिप बाम ड्रॉवरमध्ये राहिला होता," दादा म्हणाला. "डोकेदुखी काही उतरत नाही त्याने. पण बरं वाटतं."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच औषध चुकीच्या जागी लावलेलं पाहून मी गप्प बसले.