उभी पेरणी, आडवी पेरणी

माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी कॉलेजच्या कमिटीनं मला परीक्षक म्हणून बोलावलं, याचं मलाच नवल वाटलं. मी मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. कॉलेज नुकतंच निघालेलं, इंटरपर्यंतच. त्यातल्या एका विद्यार्थ्याला नागपूरला पुढच्या शिक्षणासाठी नादारीची, म्हणजे बिनफीची, जागा आणि वसतिगृहात राहायची सोय मिळायची होती. त्यासाठी त्यानं परीक्षकांसमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं, आपण आणलेलं काही दाखवायचं, आणि शेवटी प्रश्नांना उत्तरं द्यायची. दोन उमेदवार सकाळीच पडले होते. उरला होता निवृत्ती.

निवृत्ती जानेफळचा. बाप पुंजाजी, दुसऱ्याचं वावर, म्हणजे शेत, बटाईनं, पिकाच्या वाट्यावर करणारा. पोरानं कॉलेजच्या फॉर्मवर स्वतः लिहून दिलं होतं की जागा मिळाली नाही तर शिक्षण इथेच थांबेल. म्हणजे त्या दिवशी त्या पोराचं काय व्हायचं ते आमच्या तिघांच्या पेनावर होतं. आणि पुंजाजी ज्या मालकाचं वावर करत होता, ते महादेवराव माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. कमिटीचे सभासद म्हणून तेही परीक्षक!

मी म्हटलंच होतं, "हे बरं नाही. मालकानं बटाईदाराच्या पोराला गुण द्यायचे?"

"तं काय मी त्याले गिळीन?" महादेवराव म्हणाले. "पोट्टं माह्या डोळ्यासमोर वाढलं."

तिसरे परीक्षक रहेमतुल्लासाहेब, कॉलेजात सायन्स शिकवायचे. त्यांनी नियम वाचून दाखवले. विषयाच्या माहितीला चाळीस गुण, बोलण्याला वीस, दाखवलेल्या साहित्याला वीस, प्रश्नोत्तरांना वीस. तिघांनी आपापले गुण आपापल्या कागदावर, एकमेकांशी न बोलता मांडायचे. मग तिघांची सरासरी. एकूण साठ हवेत, पण तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येक सदरात वेगळे चाळीस टक्के हवेत. म्हणजे प्रश्नोत्तरांत विसापैकी आठ. एका सदरात पडला की बाकीचं सोनं असलं तरी उमेदवार पडला. सही होण्याआधी परीक्षकाला आपला आकडा बदलता येतो, पण आधीचा खोडून, बाजूला कारण लिहून.

"कारण लिहायचं म्हणजे?" महादेवरावांनी विचारलं.

"म्हणजे उगीच मनात आलं म्हणून बदलायचं नाही," मी म्हटलं. त्यांना ते लागलं असावं. लागू दे.

निवृत्ती आला. विषय होता, 'उताराच्या वावरातली माती कुठं जाते?' पहिलं मिनिटभर तो पायाकडे बघूनच बोलत होता. मी कागदावर लिहिलं, 'नजर खाली.' मग त्याला आवाज सापडला. पाठ केलेलं घोकत नव्हता. पावसाचा थेंब ढेकूळ कसं फोडतो, वरची गाळाची माती आधी का वाहते, हे असं सांगत होता की माझ्या डोळ्यांसमोर वावर उभं राहिलं. त्याची वऱ्हाडी ऐकून पुण्याच्या एखाद्या मास्तरानं नाक मुरडलं असतं. मी मुरडलं नाही. बोलण्याचे गुण ऐकू येण्याला, ओघाला आणि समजण्याला असतात.

मग त्यानं टेबलावर एक लांबट पत्र्याचं तबक तिरपं ठेवलं. मध्ये पट्टी घालून दोन भाग केलेले, दोन्हींत काळी माती. एका भागात तास, म्हणजे पेरणीच्या रेघा, उताराच्या दिशेनं उभे ओढलेले, दुसऱ्यात उताराला आडवे. दोन्हींच्या तोंडाशी एकेक काचेचा पेला. दोन्ही भागांवर त्यानं सारख्याच झारीनं सारखंच पाणी ओतलं.

मी उठून मागच्या बाकावर जाऊन बसले. साहित्य मागच्या माणसाला दिसतं का, हे पुढं बसून कसं कळणार? दिसलं, स्वच्छ दिसलं. उभ्या तासांखालचा पेला काळाकुट्ट झाला. आडव्यांखालच्या पेल्यात पाणी थोडंच आलं, तेही जवळजवळ निवळ. निवृत्ती त्या वेळी गप्प उभा राहिला, आम्हाला बघू दिलं. त्या गप्प राहण्याचेच मी त्याला साहित्यात दोन गुण जास्त दिले.

मी परत खुर्चीवर आले. प्रश्न सुरू झाले, आणि घात तिथं झाला.

महादेवराव खुर्चीत मागं रेलले. "हे पाय निवृत्ती, आपल्या काळ्या मातीत आडवं पेरलं तं पाणी साचते, पीक सडते. म्हणून उभंच पेराव लागते. मी सगळ्या बटाईदाराईले हेच सांगत आलो. बरोबर हाय का नाही?"

तो चक्क वर बघून हसला, हात जोडले आणि म्हणाला, "हाव जी. बरोबर हाय."

अरे देवा! आत्ताच दोन पेले दाखवले ना रे तू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडची ही रीतच. मोठ्या माणसानं 'बरोबर हाय का' म्हटलं की तो प्रश्न नसतोच, मान हलवायची असते. पोराला वाटलं आपण मर्यादा पाळली. आणि इथं तो स्वतःच्याच विषयाला स्वतःच्या तोंडानं खोटं पाडून बसला होता. रहेमतुल्लासाहेबांनी डोळे मिटले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

प्रश्नांची वेळ अजून उरली होती. सुचवायचं नाही, पण विचारायची मुभा होती.

मी विचारलं, "निवृत्ती, तुझं तबक एक सांगतं आणि तुझं उत्तर दुसरं. आम्ही कोणतं धरायचं?"

पोरानं मालकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. बाहेर ओसरीवर त्याचा बाप बसला होता. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते, बोल!

तो तबकाजवळ गेला. काळा पेला उचलला. पुन्हा हात जोडता येईना, तर पेल्यासकट मान लववली.

"मालक, मघाशी हाव म्हटलं ते तुमच्या वयाले म्हटलं. वावराचं इचारान तं, नाही. पाणी साचते हे खरं हाय, म्हणून आडव्या तासाले एका अंगाले थोडासा ढाळ द्याव लागते, अन् जादाचं पाणी गवताच्या पाटानं काढाव लागते. पण उभं पेरलं तं माती जाते. एवढंच मले माहीत हाय. तुमच्या वावरात किती जाते ते मी मोजलं नाही."

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेन उचललं.

निवृत्ती बाहेर गेला, आम्ही दार लावलं. मला काय काय द्यावंसं वाटत होतं ते माझं मला माहीत. पण पहिलं उत्तर चुकलंच होतं, आणि मालकाला दबून चुकलं होतं. ते बाजूला कसं सारणार? मी प्रश्नोत्तरांत अकरा लिहिले.

रहेमतुल्लासाहेबांनी बेरजा केल्या. माहितीत भरपूर. बोलण्यात पुरेसे. साहित्यात तर तिघांचेही सोळाच्या वर. एकूण साठाच्या पुष्कळ पुढं. मग प्रश्नोत्तरं.

"माझे दहा," ते म्हणाले. "बाईंचे अकरा. महादेवरावांचे... दोन." त्यांनी चष्मा काढला. "तिघांचे मिळून तेवीस. चोवीस हवे होते. एका गुणानं गेला."

एका गुणानं! माझं पेन हातातच होतं. अकराचे बारा करायला किती वेळ लागतो? कारणही लिहिता आलं असतं, शब्दांना काय तोटा? पण खोटं कारण मुलींना मी वहीत लिहू देत नाही, तर स्वतः कशी लिहू? मी पेन टेबलावर आपटलं.

"दोन का?" मी महादेवरावांना विचारलं.

"मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणते. हे उत्तर झालं?"

"उद्धटपणाचे कापायचे तर बोलण्याच्या सदरात कापा. तिथं तर तुम्ही चौदा दिलेत! प्रश्नोत्तरांत एवढंच बघायचं की प्रश्न कळला का, उत्तर खरं आहे का, आणि जे माहीत नाही ते नाही म्हणून सांगितलं का. आपला मान तिथं कुठं बसतो ते मला दाखवा."

"बाई!" रहेमतुल्लासाहेब हळूच म्हणाले.

महादेवरावांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तो खरं बोलला का पण? तबकात पाणी ओतलं म्हणून वावर तसंच वागते काय?"

"तुमच्या वावराचं तुमच्या बटाईदाराला विचारा. बाहेरच बसलाय," मी म्हटलं. "कागद मात्र इथं पालथा ठेवून जा."

ते उठले. मी दारात उभी राहिले, कारण गुणांबद्दल एक अक्षर निघालं असतं तर मी तिथंच थांबवलं असतं. पुंजाजी ओसरीवरून झटकन उभा राहिला, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. निवृत्ती दूर नळावर तबक धूत होता. बापाला काहीच माहीत नव्हतं. पोरगं एका गुणानं लटकलंय हे नाही, आणि त्याच्या तोंडून आता काय निघतं यावर ते आहे हेही नाही.

"पुंजाजी, वरचं वावर आपण उभंच पेरतो. चांगलंच हाय ना ते?"

झालं! पुन्हा तसंच विचारलं.

"तुम्ही म्हणान तसं, मालक," पुंजाजी म्हणाला.

महादेवराव मागं वळले. माझ्याकडे त्यांची नजर गेली. मी काय तोंड केलं होतं कोण जाणे. ते पुन्हा फिरले आणि या वेळी आवाज खाली आणून म्हणाले, "मी काय म्हणतो ते राहू दे. त्या वावरातली माती कुठं जाते?"

पुंजाजीनं खाली जमिनीकडे पाहिलं.

"नाल्यात जाते, मालक. दरसाल जाते. अर्धी खाली शेषरावच्या मळ्यात बसते. त्याची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते ते आपल्याच मातीनं. आपल्या वावरात आता मुरूम लागून राह्यला वखराले."

"तुले हे कवापासून माहीत हाय?"

"माह्या बापालेबी माहीत होतं."

"अन् मले काऊन नाही सांगितलं बे कोणी?" महादेवराव ओरडले. आवाज फाटला त्यांचा.

पुंजाजी घाबरला, पण या वेळी खाली पाहिलं नाही.

"तुम्ही कधी इचारलंच नाही, मालक. तुम्ही सांगत होते."

महादेवराव आत आले. धपकन खुर्चीत बसले. मला त्या माणसाची पहिल्यांदाच कीव आली. एवढी वर्षं माती चाललीय आणि गावभर सगळे मूग गिळून बसलेले.

त्यांनी कागद सुलटा केला, दोनावर काट मारली आणि नऊ लिहिले. बाजूला कारणाच्या जागी अडखळत लिहिलं, 'खरं उत्तर दिलं.' मी मनातल्या मनात बेरीज केली. तीस. सरासरी दहा. पास!

पण मला राहवेना. जिभेला हाड नाही माझ्या. "नऊच? आमच्यापेक्षाही कमी?"

"नऊच," महादेवराव सही करत म्हणाले. "पहिल्यांदा मले हाव म्हटलं त्यानं. त्याचे कापले."