चारही ठिकाणी एकच तारा

वेळ: एक तारा. सीट: एक तारा. ड्रायव्हर: एक तारा. उशीर झाल्यावर काय केलं: एक तारा. बसच्या ॲपवर माझा अंगठा रागात खाली सरकत गेला, एवढंच. मी कुठे वाचत बसले होते?

राग यायला कारण होतं. जयाचा, माझ्या मावसबहिणीचा, कणकवलीला साखरपुडा. सकाळी सहाची गाडी बोरिवलीहून आठला सुटली, कारण बस कंपनीच्या ऑफिसला सीटा भरायच्या होत्या. माझी सीट मागे पडली ती सरळ होईचना. दातांच्या डॉक्टरकडे झोपवतात ना, तशी मी माणगावपर्यंत गेले. तिथे रेडिएटरचा पाइप फुटला आणि तीन तास रस्त्याच्या कडेला. पोचले तेव्हा पाहुणे जेवून गेलेले.

चार दिवसांनी माझ्या रिव्ह्यूखाली कंपनीचं उत्तर आलं. 'विलंब चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला. आपल्या तक्रारीवरून त्याला कामावरून कमी केले आहे.'

माझं डोकंच फिरलं. माणगावला ड्रायव्हर लवू माझ्यासमोर ऑफिसला फोनच्या स्पीकरवर सांगत होता, पाइप गळतोय हे मी निघतानाच बोललो होतो, दुसरी गाडी पाठवा. तिकडून उत्तर आलं, "गाडी नाही, ओढ तशीच." मग त्यानेच म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, कुठून तरी पाणी आणलं, पाइप बांधला आणि आम्हाला पोचवलं.

मी थेट बोरिवलीच्या बुकिंग ऑफिसात गेले. काउंटरवरच्या सुबोधने माझ्याच रिव्ह्यूची प्रिंट पुढे सरकवली. ड्रायव्हरच्या ओळीवर लाल पेनाने गोल केलेला.

"मॅडम, तुम्हीच दिलाय ना?"

"दिला. डोकं गहाण ठेवून दिला. आता बघ."

तिथेच उभी राहून मी रिव्ह्यू बदलला. ड्रायव्हरला पाच तारे. खाली स्पीकरवर ऐकलेलं शब्दन् शब्द लिहिलं आणि पाठवायच्या आधी सुबोधला वाचून दाखवलं. बाकावरचे प्रवासी माना वर करून ऐकत होते. सुबोधने आवाज खाली आणला.

"स्पीकरवरचं तेवढं काढा. लवू उद्यापासून गाडीवर."

हरामखोरपणा बघा. एका माणसाची भाकरी माझ्या अंगठ्याखाली ठेवून हा मला भाव सांगत होता.

लवू मागच्या दारात उभा होता. युनिफॉर्म परत द्यायला आलेला, पिशवीत नीट घडी घालून. मी त्याला विचारलं, "दादा, काय करू? तुम्ही म्हणाल ते."

"रवांदे ता लिवलेला," तो म्हणाला. "माका परत घेतल्यानी तरी तीच गाडी देतले. उद्या घाटात पाइप फुटलो तर?"

मी बटण दाबलं. स्पीकरवरच्या शब्दांसकट रिव्ह्यू गेला. सुबोधने प्रिंट फाडून टोपलीत टाकली.

लवूने पिशवी काउंटरवर ठेवली आणि जाता जाता थांबला. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"पण ताई, उतरताना माका थँक्यू म्हणालात. ता तेव्हाच लिवचा होता."