नोकरी स्वीकारल्याची मेल

साम्राज्यं तलवारीने उभी राहतात आणि पत्रव्यवहाराने टिकतात. दुपारी चार वाजता असं जाहीर करून बाबांनी लेकीच्या लॅपटॉपचा ताबा घेतला. मग पाच मिनिटं त्यांना पूर्णविराम सापडेना.

लेकीला नव्या कंपनीची ऑफर आली होती. पाचच्या आत मेलने होकार कळवायचा होता. जुन्या ठिकाणी ती राजीनामा देऊन बसलेली, त्यामुळे ही नोकरी हुकली तर दुसरी नव्हती. रुजू व्हायचं एक तारखेला. जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस तीस तारखेचा, पण कार्यमुक्तीचं पत्र पंधरा दिवसांनी मिळणार.

"तेच विचारते," ती म्हणाली. "पत्र नंतर दिलं तर चालेल का, आणि पहिल्या दिवशी कुठले कागद आणायचे."

"खबरदार!" बाबा म्हणाले. "प्रश्न असलेला कागद पुढे जात नाही, परत येतो."

त्यांना ठाऊक असणारच. आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं त्यांनीच असे कागद परत पाठवले होते, तेही लाल शाईने.

त्यांचा मसुदा वीस ओळींचा झाला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' तीनदा आलं. खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून स्वतःचं नाव. रुजू होण्याची तारीख मात्र कुठेच नव्हती.

"अहो, ती नोकरीला लागतेय की जमीन नावावर करून घेतेय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तू गं, विचार सरळ. पहिल्या दिवशी दारातून परत पाठवलं तर हे येणारेत का सोडवायला?"

लेकीने मसुदा पुसला. बाबांनी दुसरीकडे पाहिलं.

तिने लिहिलं: 'ऑफर आनंदाने स्वीकारते. सही केलेली प्रत जोडली आहे. एक तारखेला रुजू होईन. कार्यमुक्तीचं पत्र पंधरा तारखेपर्यंत मिळेल. तोवर राजीनामा मंजूर झाल्याची मेल चालेल का? पहिल्या दिवशी आणायच्या कागदपत्रांची यादी कृपया पाठवाल का?'

चार चाळीसला मेल गेली. बाबा येरझाऱ्या घालू लागले. "दोन प्रश्न! एकाच कागदात दोन!"

चार बावन्नला उत्तर आलं. लेकीने मोठ्याने वाचलं, "'अभिनंदन. राजीनामा मंजूर झाल्याची मेल तूर्त चालेल, पत्र मिळाल्यावर द्या. आधी विचारलंत ते बरं झालं. पुष्कळ जण पहिल्या दिवशी सांगतात आणि मग धावपळ होते. एक तारखेला भेटू.'"

आईने हात पुसत येऊन लेकीच्या पाठीवर धपाटा घातला. बाबांनी उत्तर पुन्हा एकदा स्वतः वाचलं.

"चांगलं ऑफिस दिसतंय," ते म्हणाले. "आमच्याकडे याला तीन महिने लागले असते. मीच लावले असते."

मग त्यांनी सोबतची यादी वाचली. ओळखपत्र, बँकेचा तपशील, दोन फोटो, मूळ पदवी प्रमाणपत्र.

लेकीचं मूळ पदवी प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून दिवाणखान्यात, पार छताजवळ, आठ स्क्रूंनी पक्कं बसवलं होतं. कोणी चोरू नये म्हणून.

ते स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढले.

"अगं," वरून आवाज आला, "जरा धर. डुगडुगतंय."