फोटोग्राफरच्या घरातला उजेड

क्रोटन गेलं हे कळलं, त्या दिवशी मुलगी आलेली होती. तिनं कुंडीला हात लावला आणि उरलेली दोन पानंही गळून तिच्या पायाशी पडली.

"बाबा, आईचं झाड मेलं."

म्हाताऱ्यानं वाकून ती पानं उचलली. बायकोला जाऊन वर्ष व्हायचं होतं. जाताना तिनं बजावलं होतं, "क्रोटनला दिवसाआड मगभर पाणी." त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. घसा बसला, ताप आला, तरी पाण्याचा मग चुकला नव्हता.

"तुम्हाला झाड सांभाळता येत नाही, स्वतःला काय सांभाळणार?" मुलगी म्हणाली. "पोरांच्या परीक्षा झाल्या की मी येते. तुमची बॅग भरायची, माझ्याकडे राहायला."

"आणि घरात झाडं जिवंत असली तर?"

"तर भरणार नाही. पण असली तर ना!"

दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेला. नर्सरीवाली मातीच्या हातानंच चहा पीत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"काका, माती कशी होती?"

"ओली. कायम ओली ठेवली."

"मुळं कुजली. खिडकीत ऊन येतं?"

"भरपूर," तो म्हणाला. मग त्यानं जीभ चावली. "खिडकीसमोर या काही महिन्यांत सात मजली इमारत उभी राहिलीय."

"काकू सांगून गेल्या तेव्हा ती इमारत होती?"

"नव्हती."

"मग? उजेड कमी झाला की झाड पाणीही कमी पितं. तुम्ही पाजत राहिलात."

त्याला हसावं की रडावं कळेना. जन्मभर त्यानं फोटो स्टुडिओ चालवला होता. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की उजेड किती हे तो न बघता सांगायचा. आणि स्वतःच्या घरातला उजेड गेलेला त्याला दिसला नव्हता!

घरी येऊन त्यानं कपाटातलं उजेड मोजायचं जुनं लाइटमीटर काढलं. खिडकीत काटा थोडा सरकला, सोफ्याजवळ जेमतेम थरथरला. संडासाजवळच्या बोळात तर ढिम्म. हे सगळं त्यानं पुन्हा नर्सरीत जाऊन सांगितलं.

"बोळात काहीच ठेवू नका," नर्सरीवाली म्हणाली. "बाकी ठिकाणी ही चालतील." तिनं स्नेक प्लांट दिलं, उंच आणि ताठ. झीझी प्लांट दिलं, त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे गड्डे असतात आणि त्यांत पाणी साठतं. मनी प्लांट दिला. शेवटी पीस लिली पुढे सरकवली. "ही जरा नखरेल. तहान लागली की मान टाकते. पण सांगते तरी! बाकीच्यांना माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय थेंब नाही. विसरलात तरी चालेल, काका. उलट विसराच."

त्याला एक निळी चिनी मातीची कुंडी आवडली. तिनं ती उलटी करून दाखवली. बुडाला भोक नव्हतं. "बुडतील बिचारी." त्यानं ती परत ठेवून दिली.

मांडायला मात्र त्याला कुणी शिकवायला नको होतं. ग्रुप फोटो काढून त्याचे केस पांढरे झाले होते. "उंच मंडळी मागे!" म्हणत त्यानं स्नेक प्लांट कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यापुढे, जरा बाजूला, झीझी. लिलीला खिडकीजवळची जागा, पण काचेला चिकटून नाही. मनी प्लांट स्टुलावर, वेली खाली सोडून, पोरं पुढे पाय लोंबकळवून बसतात तसा. मग दारातून एक डोळा मिटून पाहिलं. सगळे एका रांगेत आले होते. झीझीला वीतभर पुढे ओढलं. आता झालं कुटुंब.

मुलगी आली, तेव्हा लिली कुंडीवर आडवी पडली होती. सगळी पानं लोंबत होती. आदल्या आठवड्यात तो सर्दीनं झोपून होता.

"बघा!" मुलगी बॅग खाली ठेवत म्हणाली. "भरू का तुमचे कपडे?"

"मेली नाही गं. रुसलीय. पाणी घाल तिला, खालून निथळेपर्यंत. आणि चहा टाक."

"बाबा, ही गेलेली आहे."

"संध्याकाळी बोल."

जेवणं झाली. मुलगी सोफ्यावर लवंडली, तो पेपर वाचण्याचं सोंग करत लिलीकडे चोरून बघत राहिला. अंधारायला लागलं तेव्हा मुलीनंच हाक मारली. एकेक पान वर आलं होतं. बाकीची तिघं तर काही घडलंच नाही अशी उभी होती.

"आईसारखीच आहे," मुलगी हसत म्हणाली. "बोलायचं नाही, मान फिरवून बसायचं."

"आणि चहा झाला की ठीक."

दोघंही हसली. हसता हसता मुलीनं डोळे पुसले आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. "राहा. पण फोन रोज करायचा."

"झाडांचा की माझा?"

"दोघांचा!"

तो फोन रोज करतो. कोपऱ्यातल्या चौघांची पानं ओल्या फडक्यानं पुसतो, कुंड्या अधूनमधून फिरवतो. पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून बघतो.

क्रोटनची कुंडी अजून खिडकीत आहे. तिच्यातली माती काढायची राहिली आहे.