बुटांच्या पैशांची पोचपावती

पोस्टमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण माणूस अजून खिडकीतच बसल्यासारखा बोलायचा. आता असल्या माणसाला ऑनलाइन दुकानाने दोन्ही बूट डाव्या पायाचे पाठवावेत, म्हणजे आगीत तेलच की.

बूट परत गेले. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या ॲपवर हिरवी खूण आली: रिफंड पूर्ण. मास्तर पासबुक घेऊन बँकेत गेले, मशीनमध्ये छापून आणलं. पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

"येतील हो," बायको म्हणाली. "रोज काय खेटे घालताय?"

"पूर्ण म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. छत्तीस वर्षं मनीऑर्डरी वाटल्यात. घेणाऱ्याची सही किंवा अंगठा मिळेपर्यंत एकीवरही 'पोहोचली' असं लिहिलं नाही मी."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. एका म्हातारीच्या अंगठ्यासाठी हा माणूस भर उन्हात दोन मैल चालला होता.

त्यांनी दुकानाला फोन लावला. अर्धा तास बाजा ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज दमलेला, पण गोड.

"काका, आमच्याकडून पैसे गेलेत. तुमच्या बँकेत जमा दिसायला पाच-सात कामाचे दिवस लागतात. मी एक संदर्भ क्रमांक देते, तो बँकेत दाखवा."

"नुसते गेलेत, तर पूर्ण कसं लिहिलंत?"

"आमच्या बाजूने पूर्ण, काका."

झालं. मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी क्रमांक लिहून घेतला आणि फोन ठेवल्याठेवल्या ॲपवर तक्रार ठोकली: सदर कर्मचारी धडधडीत खोटे बोलते व बँकेवर ढकलते.

आठवा कामाचा दिवस उजाडला. पासबुक कोरंच. मास्तर तरातरा बँकेत गेले आणि काउंटरवरच्या बाईंसमोर पासबुक आणि क्रमांक दोन्ही आपटून दुकानातली मुलगी फोनवर काय म्हणाली ते ऐकवलं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "बूट घेताना पैसे कसे भरले होते?"

"कार्डाने. लेकीने काढून दिलंय." मास्तरांनी पाकिटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं.

बाईंनी ते पाहिलं, क्रमांक टाकला आणि हसू दाबलं. "काका, हे क्रेडिट कार्ड आहे. रिफंड ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने परत येतो. हे बघा, कार्डावर परवाच जमा झालेत. पुढच्या बिलातून वजा होतील. तुमच्या बचत खात्याशी याचा काही संबंध नाही. पासबुक वर्षभर छापत बसलात तरी दिसणार नाहीत."

"मग ती मुलगी..."

"तिने बरोबरच सांगितलं. दुकानाने त्यांच्या खिडकीतून मनीऑर्डर सोडली, इतकाच त्यांच्या 'पूर्ण'चा अर्थ. पुढचा प्रवास बँकांचा. तिच्या हातात हा क्रमांकच असतो, आणि तो तिने दिला."

मास्तरांनी पासबुक मिटून खिशात घातलं. लाज वाटली त्यांना, चांगली सडकून वाटली. अकरा वेळा पासबुक छापलं आणि एका पोरीला खोटारडी ठरवलं.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. या वेळी कुणी मुलगा होता. "हो काका, ती तक्रार तिच्या नावावर लागलीय. तिसरी आहे. तीन झाल्या की काम जातं. थोड्याच वेळात वरच्या साहेबांकडे बोलावलंय तिला."

"मी मागे घेतो. आत्ता. चूक माझी होती, असं लिही."

पलीकडून कीबोर्डचा खडखड आवाज आला. "झालं काका. तक्रार रद्द केली."

ॲपवर हिरवी खूणही आली.

"झालं म्हणजे कुठवर झालं?" मास्तरांनी विचारलं.

"इथून पुढे गेलं."

"तिच्या साहेबांपर्यंत पोहोचलं?"

"ते मला दिसत नाही."

"मग तिला फोनवर बोलाव. मी थांबतो."

बायकोने जेवायला हाक मारली, दोनदा. मास्तर कानाला फोन लावून, बाजा ऐकत बसून राहिले. पन्नास मिनिटं. मग तो दमलेला आवाज आला.

"काका? साहेबांकडूनच आले आत्ता. तुमची तक्रार मागे घेतल्याचं त्यांना मिळालं. उद्या कामावर ये म्हणाले."

मास्तरांनी वही पुढे ओढली. ते म्हणाले, "माफ कर, बाळ. नाव सांग तुझं. मला वहीत लिहून ठेवायचंय."

"कशाला, काका?"

"सहीच्या जागी," मास्तर म्हणाले.