साठ डिग्रीचा स्वेटर

लेबल वाचल्याशिवाय माझ्या लाँड्रीत साधा रुमालसुद्धा पाण्यात पडत नाही. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडे. मानेला टोचतं म्हणून लेबलं कापून टाकतात आणि मग रेशमी ओढणी आकसली की माझ्याच नावानं शंख करतात. अहो, त्या चिंधीवर सगळं छापलेलं असतं! टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती गरम पाणी चालेल ते. टबाखाली एक रेघ असली तर मशीन हळू फिरवायचं, दोन रेघा असल्या तर अगदीच हळू. टबात हात काढलेला असला तर मशीनचं नावच काढायचं नाही. एवढं वाचायला काय कॉलेजात जावं लागतं?

सोमवारी सकाळी आमच्या रस्त्यावरच्या बसचा ड्रायव्हर आला. दाराएवढा माणूस, पण काखोटीला पिशवी अशी धरलेली की आत जणू अंडी आहेत. पिशवीतून निघाला लहान मुलाचा स्वेटर. कधीकाळी पांढरा असणार, आता जुन्या कागदासारखा पिवळट झालेला.

"ताई, हा माझा. परवापासून लेक शाळेत जाणार, पहिल्या दिवशी हाच घालणार ती. उद्यापर्यंत द्याल ना?"

"तुमच्या लहानपणचा? अजून जपून ठेवलाय?"

"मग! आईनं मला दुकानातून आणलेला हा एकच. बाकी सगळं तिच्या हातचं असायचं. पोरं हसायची हो मला. एकदा तर मी स्वेटर दप्तरात कोंबला आणि कुडकुडत घरी आलो. त्यानंतर आईनं हा आणला. कुठून पैसे जमवले, देव जाणे. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना मी कॉलर उलटी करून लेबल दाखवलं होतं!"

एवढा थोरला माणूस, पण सांगताना चेहरा अगदी पहिलीतला झाला होता. मला तो तिथंच आवडून गेला.

लेबल मीही पाहिलं. पुसट होतं, पण वाचता येत होतं. शंभर टक्के कॉटन, टबात साठ. चला, सोपं काम. पिवळेपणाला गरम पाणी उत्तमच. तेवढ्यात पांढऱ्या चादरींचा घाणा लावायचा होता, त्यातच तो टाकायचा ठरवला. कॉटनचा प्रोग्रॅम लावला, डायल साठवर नेली.

आता माझी एक खोड आहे. कपडा उलटा केल्याशिवाय मी मशीनमध्ये टाकत नाही. स्वेटर उलटा केला आणि बोटं थबकली. आत, बगलेच्या शिवणीजवळ, दोन बारीक गाठी होत्या. विणताना एक गुंडा संपून दुसरा जोडताना मारतात तसल्या. दुकानातल्या स्वेटरात असल्या गाठी कशा येतील? मग लेबल नीट पाहिलं. चार कोपऱ्यांना हातानं घातलेले चार टाके होते, आणि कडेला आधीच्या शिलाईची रिकामी भोकं.

"अहो, इकडे या जरा," मी आत इस्त्री करणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "काडेपेटी आणा."

"स्वेटर पेटवतेस की काय?"

"तोंड आवरा आणि काडी ओढा."

गाठीचं लोंबणारं टोक नखाएवढं कापलं, चिमट्यात धरलं आणि काडीजवळ नेलं. सूत असतं तर कागदासारखं भुर्रकन जळलं असतं. हे चुरचुरलं, विझलं आणि जळक्या केसांचा वास आला. टोकाशी राहिलेला काळा मणी बोटानं चुरला, तर त्याची राख झाली. लोकर! आणि मी तिला साठ डिग्रीत, चादरींबरोबर घुसळायला निघाले होते! बाहेर निघाला असता तो बाहुलीला बसणारा, आटून घट्ट झालेला नमद्याचा तुकडा.

मग काय, टबात कोमट पाणी, लोकरीचं सौम्य लिक्विड, आणि स्वेटर नुसता दाबून दाबून धुतला. चोळला नाही, पिळला नाही. खळबळलाही तेवढ्याच कोमट पाण्यात. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं आणि मागच्या टेबलावर आडवा पसरला. ओला लोकरी स्वेटर टांगला की स्वतःच्याच वजनानं लोंबतो. पिवळेपणा सगळा गेला नाही, पण अंगावर जरा तुकतुकी आली.

मंगळवारी शटर वर करते न करते तोच एक म्हातारी धापा टाकत पुढ्यात उभी. पायात दोन वेगळ्या चपला.

"बाई, माझ्या मुलानं स्वेटर दिलाय. बस चालवतो तो. काल रात्री बोलला मला. धुतलात का? लेबल वाचून धुतलात?"

माझ्या सगळं लक्षात आलं. खरं सांगते, जरा गंमत करावी असं मनात आलं होतं, पण तिच्या त्या दोन वेगळ्या चपला पाहिल्या आणि मी मुकाट्यानं तिला मागे नेलं. स्वेटर दिसताच ती मटकन स्टुलावर बसली.

"जिवात जीव आला गं पोरी."

"मावशी, लेबल कुणाचं?"

"माझ्या भावाच्या शर्टाचं. तेरा दिवसांत विणला होता, हा शाळेत गेला की. त्याला सांगू नकोस हं. इतकं मिरवतो रे देवा तो ते लेबल! तीस वर्षं माझ्या तोंडाला कुलूप आहे."

मी मान डोलावली. माझं काय जाणार होतं?

तेवढ्यात ड्रायव्हर आलाच, लेकीला खांद्यावर घेऊन. मी स्वेटर घेऊन काउंटरपाशी आले, म्हातारी माझ्या मागोमाग. आईला पाहून चकित झाला, पण स्वेटर हातात घेताच सगळं विसरला.

"वा ताई! आता मी घरीच धुणार. साठवर ना? लेबलावर आहे तसं?"

काउंटरखाली म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. मी अडकले. धुण्याबद्दल खोटं मी कधी बोलले नाही, आणि हो म्हणाले असते तर पहिल्याच धुण्यात स्वेटरची वाट लागली असती. पण त्या हाताची पकड!

पकड हळूहळू सुटली.

"साठवर नको रे," म्हातारी म्हणाली. "आटेल. लोकर आहे ती. दुकानातला नाही, मी विणलाय. लेबल मामाच्या शर्टाचं लावलं होतं. तू रडत होतास म्हणून."

ड्रायव्हरनं स्वेटर उलटा केला, गाठी पाहिल्या, त्यांवरून अंगठा फिरवला. मग एवढा मोठा माणूस काउंटरवर कोपरं टेकून ढसाढसा रडायला लागला. लेक खांद्यावरून वाकून त्याचे डोळे पुसत होती.

"आई, मी तुझ्या हातचा म्हणून स्वेटर दप्तरात कोंबला गं," तो म्हणाला. "आणि तुझाच मिरवला."

"मिरवलास ना? मग झालं तर," म्हातारी म्हणाली.

माझेही डोळे वाहत होते. ते लपवायला मी कात्री घेतली आणि जुनं लेबल उसवलं. ते त्यानं पाकिटात ठेवलं. मी पांढरी पट्टी कापून त्यावर न पुसणाऱ्या शाईनं लिहिलं : लोकर. कोमट पाणी. पिळू नये. आडवा वाळवावा.

"खाली जागा आहे," ड्रायव्हर नाक ओढत म्हणाला. "आजीनं विणला, असं लिहा."

लिहिलं. सुईत दोरा ओवला आणि कॉलर उलटी केली.

"आतून नको," तो म्हणाला. "बाहेरून लावा. सगळ्यांना दिसेल असं."

माझ्या धंद्याच्या रिवाजात हे बसत नाही. तरीही लावलं.