खांद्यावरची बोटं

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत प्रेमराजभाऊंचं फ्लेक्सचं दुकान होतं. पुनम तिथे आठ महिन्यांपासून डिझाइनचं काम करत होती. नवरा तेजस हायवेवरच्या अपघातात गेला, आणि तेरावं झाल्यावर सासूने तिला माहेरी पोचवलं ते कायमचंच. त्याचा फोन सासरीच राहिला, त्यातले फोटोही.

त्या सकाळी दुकानात शिरलेल्या माणसाने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि वर पाहून तो थबकला. तिचा धाकटा दीर, हितेंद्र.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"बसा भाऊजी. काम काय आहे?"

तो चाचरत बोलू लागला. येत्या शुक्रवारी तेजसचं वर्षश्राद्ध होतं. गावातला पोरगा पत्रिका आणि बॅनर बनवणार होता, पण त्याला मागचं सगळं काढलेला फोटो, म्हणजे पारदर्शक पीएनजी फाइल हवी होती. घरी करून बघितला, तर फोटोभोवती पांढरा चौकोन येत होता.

"जेपीजी केला असेल. त्यात पारदर्शक राहत नाही," ती म्हणाली आणि फोटो थेट पेन ड्राइव्हवरूनच ब्राउझरमधल्या फोटोपी या एडिटरमध्ये उघडला.

सारंगखेड्याच्या यात्रेतला फोटो होता. तेजस हसत होता. शेजारी ती, हिरव्या साडीत, त्याच्या खांद्यावर हात टाकून. हा फोटो तिने पहिल्यांदाच पाहिला.

"दुसरा फोटो नव्हता?"

"हसरा हा एकच." हितेंद्रने मान खाली घातली. "आई म्हणे, फक्त तेजसभाऊ पाहिजे."

तिने आधी एका क्लिकमध्ये पार्श्वभूमी काढून पाहिली. यात्रेतली गर्दी, घोडे, पाळणा सगळं गेलं. पण दोघं एकमेकांना चिकटून असल्याने मशीनने दोघांनाही ठेवलं. तिने ते मागे घेतलं. मग क्विक सिलेक्शनचा ब्रश हातात घेऊन तेजसवरून फिरवत गेली. तुटक रेघ त्याच्या केसांवरून, कानावरून सरकली आणि खांद्याशी येऊन तिच्या हिरव्या बाहीत घुसली. ऑल्ट दाबून तिने ती बाही निवडीतून वजा केली. मग मनगट. मग दंडावर टेकलेला पदर. केसांची कड रिफाइन एजने मऊ केली आणि मास्क लावला. ती नाहीशी झाली. तिच्या जागी पारदर्शक भाग दाखवणारे करडे-पांढरे चौकोन उरले.

खांद्यावर मात्र चार बोटं होती. ती मास्कने लपवली असती, तर शर्टाला भोक पडलं असतं आणि त्यातून बॅनरचा रंग दिसला असता.

हितेंद्रला सासूबाईंचा, मंजुळाबाईंचा फोन आला. त्याने गडबडीत स्पीकर दाबला.

"बठ्ठं व्हयनं का रे? तिनं काहीच दिसाले नको. तिना हात बी नको."

सगळं झालं का, आणि तिचं काहीच, अगदी हातही दिसायला नको, हे ऐकून पुनमचा हात माउसवर थांबला.

"वहिनी, काही वाटून घेऊ नका," हितेंद्र फोन ठेवत पुटपुटला. "तुमच्या हातून काम नीट तरी होईल."

तिने मास्क सोडून थेट मूळ फोटोच निवडला, क्लोन स्टॅम्प घेतला, शर्टाचा शेजारचा तुकडा ऑल्टने उचलला आणि बोटांवर ठेवला. अंगठी घातलेलं बोट सगळ्यात शेवटी गेलं. शर्ट कोरा झाला.

एक्स्पोर्ट, पीएनजी. मागचे चौकोन तसेच दिसत असल्याची खात्री करून तिने फाइल पेन ड्राइव्हवर टाकली.

"व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला तर पुन्हा जेपीजी होतो." मग न राहवून तिने विचारलं, "भाऊजी, तो मूळ फोटो माझ्याकडे ठेवू?"

हितेंद्रने पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला.

"आईला विचारावं लागेल, वहिनी." आणि तो पैसे देऊन निघून गेला.

पुनम क्षणभर बसली. मास्क काही खोडत नाही, फक्त झाकतो, हे तिला ठाऊक होतं. झाकलेला भागही जपणारी पीएसडी फाइल तिने संगणकावर सेव्ह केली. तेवढ्यात प्रेमराजभाऊंनी एका लग्नाच्या बॅनरचं काम पुढे केलं. टॅब बंद करून ती त्या कामाला लागली.

दुपारी डबा बाजूला सारून तिने ती फाइल उघडली आणि मास्क बंद करायला शिफ्ट दाबून त्यावर क्लिक केलं. गर्दी परत आली. घोडे परत आले. हिरवी साडी, तिचा चेहरा, हसताना मिटलेले डोळे, सगळं परत आलं. फक्त तिचा हात तेजसच्या खांद्यापर्यंत जाऊन मनगटाशीच संपत होता. पुढे नुसता शर्ट होता, नीटस, एकही सुरकुती नसलेला.

तिने वेगळ्या लेयरवर स्टॅम्प केला असता, तर बोटं वाचली असती. नव्याने शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. मूळ फोटो पेन ड्राइव्हबरोबर गेला होता, आणि टॅब बंद केल्यावर आता अनडू करत मागे जायलाही वाट नव्हती.

"काय गं, जेवली नाहीस?" प्रेमराजभाऊंनी विचारलं.

"जेवते," ती म्हणाली.

शुक्रवारी तिला कुणी बोलावलं नाही. हितेंद्रच्या स्टेटसला बॅनर दिसला. झेंडूच्या चौकटीत तेजस एकटा हसत होता. कापणी इतकी सफाईदार झाली होती की तो कधी कुणाच्या शेजारी उभा होता, असं कुणाला वाटलंच नसतं.